दुखत होता खांदा, अडला होता खुबा

विदर्भाने जामठ्याला केरळविरुद्धची फायनल खेळून तिसऱ्यांदा रणजी करंडक घेतला, त्याला बरोब्बर आठवडा झाला होता. ९ मार्च २०२५. आमचा रविवारचा सामना होता, मी डीप मिडविकेटला. चेंडू माझ्या उजवीकडून गेला, मी तो सीमारेषेच्या अलीकडे अडवला, उठलो आणि कीपरकडे जोरात फेकला. चेंडू तीन टप्पे खात, कीपरच्या बराच डावीकडून गेला. फलंदाजांनी तिसरी धाव आरामात काढली. हात सुटता सुटता खांद्याच्या मागच्या बाजूला, आत खोल कुठेतरी, तापलेली सळई टेकवल्यासारखं झालं होतं. पुढची आठ षटकं मी चेंडू खालून फेकत काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी केस विंचरायला हात वर जाईना.

मी एकोणचाळीस वर्षांचा आहे, बँकेत नोकरी करतो आणि कॉलेज सुटल्यापासून दर हिवाळ्यात सुट्टीच्या दिवशी क्रिकेट खेळतो. व्यायामही करत होतो. आठवड्यातून तीनदा जिम, त्यात बेंच प्रेस आणि शोल्डर प्रेस, शेवटी जमिनीवर बसून कंबर डावी-उजवीकडे फिरवायचा तो रशियन ट्विस्ट. दोन दिवस अंबाझरीला पाच किलोमीटर संथ धावणं. शिवाय त्या सामन्याआधीच्या गुरुवारी, महिनाभर थ्रोचा सराव झाला नाही म्हणून, एका संध्याकाळी साठेक थ्रो मारले होते. हे सगळं मी मनापासून करत होतो, आणि जवळपास सगळंच माझ्या खेळाच्या कामाचं नव्हतं. ते कसं, हे कळायला मला चार महिने लागले. माझ्यासारखे रविवारी खेळणारे नागपुरात शेकड्यांनी आहेत, आणि त्यातल्या कितीतरी जणांचा उजवा हात पस्तिशीनंतर असाच जातो. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आमच्या कीपरची बायको फिजिओथेरपिस्ट आहे. मी तिला वहिनी म्हणतो. आठवड्याभरात दुखणं उतरेना तेव्हा त्यांच्या घरी गेलो. वहिनींनी आधी धोक्याच्या गोष्टी विचारून घेतल्या. रात्री झोपेतून उठवण्याइतकं दुखतं का, हात उचलताना दुखण्यापेक्षा ताकदच नाही असं वाटतं का, बोटांना मुंग्या येतात का, खांदा जागेवरून सरकल्यासारखा होतो का. यातलं एक जरी ‘हो’ असतं तर त्यांनी मला सरळ हाडांच्या डॉक्टरकडे पाठवलं असतं. तसं नव्हतं. मग त्यांनी मला सतरंजीवर उताणं झोपवलं, दंड शरीरापासून काटकोनात बाजूला, कोपरही काटकोनात, बोटं छताकडे. खांदा वरून हलक्या हाताने दाबून धरला आणि मनगटाजवळ मोबाइल टेकवून त्यातल्या कोन मोजायच्या अ‍ॅपवर आकडे वाचले.

हात डोक्याच्या दिशेला मागे टाकला की तो बाहेरचा फिराव. पायांच्या दिशेला पुढे झुकवला की तो आतला फिराव. माझ्या डाव्या हाताचा बाहेरचा फिराव ९४ अंश आणि आतला ५८, मिळून १५२. उजव्याचा बाहेरचा १०१ आणि आतला फक्त ३८, मिळून १३९.

“बाहेरचा वाढला, ते ठीक आहे,” वहिनी म्हणाल्या. “लहानपणापासून फेकणाऱ्यांचं दंडाचं हाडच थोडं पिळलेलं राहते. बाहेर जितकं वाढलं तितकंच आत कमी झालं असतं, तर मी काही म्हटलंच नसतं. तुमचं बाहेर सात वाढलं न आत वीस गेलं. मधले तेरा कुठे गेले भाऊजी?”

दोन हातांची बेरीज पाच अंशांच्या आतबाहेर सारखी असावी असा फेकणाऱ्या खेळाडूंसाठी ढोबळ संकेत आहे. माझ्यात तेराचा फरक होता. हे तेरा अंश खांद्याच्या मागच्या आखडलेल्या स्नायूंनी आणि आवरणाने खाल्ले होते. चेंडू सुटल्यानंतर हात ज्या दिशेने पुढे झुकत जातो, नेमकी तीच दिशा आखडली होती.

माझं आजोळ काटोलकडचं. लहानपणी ज्वारीच्या शेतात मचाणावर बसून आजोबांना गोफण मारताना पाहिलं आहे. गोफणीतून दगड सुटला की दोरी हवेत लुळी पडते, तिला कुणी थांबवावं लागत नाही. हाताचं तसं नाही. चेंडू सुटल्यावर त्याच वेगात निघालेला अख्खा हात खांद्यापासून उपटून पुढे जाऊ पाहतो, आणि त्याला एका क्षणात ब्रेक लावायचं काम खांद्याच्या मागे असलेले दोन लहानसे स्नायू करतात. रोटेटर कफ म्हणून जे चार स्नायू सांगतात, त्यातले हे दोन. मी जिममध्ये छातीचे आणि खांद्याच्या पुढचे, म्हणजे हात पुढे ढकलणारे स्नायू वाढवत गेलो होतो. गाडीचं इंजिन मोठं केलं आणि ब्रेक सायकलचे ठेवले. त्यात महिनाभर एकही थ्रो नाही आणि मग एका संध्याकाळी साठ.

इथपर्यंत मला पटलं. खरी चकित करणारी गोष्ट नंतर घडली. वहिनींनी मला पालथं झोपवलं, दोन्ही गुडघे काटकोनात वाकवले आणि पावलं एकेक करून बाहेरच्या बाजूला पडू दिली. खुब्याचा आतला फिराव असा मोजतात. उजवा ३५ अंश. डावा १८.

“तुम्ही दिवसभर बसूनच राहता न?” त्यांनी विचारलं. “न एक पाय दुसऱ्यावर टाकून?”

मी तसाच बसतो, डावा घोटा उजव्या गुडघ्यावर ठेवून. त्या बसण्यानेच डावा खुबा आखडला असं वहिनी छातीठोक म्हणाल्या नाहीत, काहींच्या हाडांची ठेवणही तशी असते. पण तो अडलेला आहे आणि तो थ्रोमध्ये आडवा येतो, हे त्यांनी मला उभं करून, हळूहळू थ्रोची नक्कल करायला लावून दाखवलं.

उजव्या हाताने फेकणारा डावा पाय लक्ष्याकडे टाकतो. पाय जमिनीवर रोवला गेला की ओटीपोट त्या रोवलेल्या डाव्या मांडीवर डावीकडे फिरतं. छाती तेव्हा अजून आडवीच असते, क्षणभर मागे राहते. ओटीपोट पुढे आणि छाती मागे, या पिळाने पोटाच्या तिरक्या स्नायूंना ताण बसतो आणि तो ताण सुटला की छाती झपकन फिरते, तिच्या मागून दंड, कोपर, मनगट, सर्वात शेवटी चेंडू. थ्रोचा वेग असा खालून वर चढत येतो. आता डाव्या मांडीवर ओटीपोट फिरायला जो कोन लागतो, तो म्हणजे डाव्या खुब्याचा आतला फिराव. माझ्याकडे तो अठरा अंशांवर संपत होता. गाडी फाटकाशी अडावी तसं ओटीपोट अर्ध्या वळणावर अडत होतं, आणि उरलेला वेग मी हाताने ओढून आणत होतो. चेंडू कीपरच्या डावीकडे का जात होता, तेही मला त्या दिवशी कळलं. अंग पूर्ण फिरलं नाही की हात अंगाला आडवा येऊन चेंडू ओढतो.

म्हणजे खांदा दुखत होता तो दुसऱ्याच्या वाटणीचं काम केल्यामुळे.

एप्रिल ते जून मी एकही थ्रो मारला नाही. नागपूरच्या मे महिन्यात तसंही दुपारी मैदानावर कुणी उभं राहत नाही. या तीन महिन्यांत घरी, रोज वीस मिनिटं, चारच गोष्टी केल्या. पहिली, उजवा हात छातीवरून आडवा घेऊन डाव्या हाताने कोपराजवळ ओढणं, तीस सेकंद, चार वेळा. हे करताना खांद्याचं पातं भिंतीला टेकवून ठेवायचं, नाही तर पातंच सरकतं आणि ताण हवा तिथे बसत नाही. ताण मागच्या बाजूला जाणवला पाहिजे. पुढे चिमटल्यासारखं झालं तर थांबायचं. दुसरी, डाव्या कुशीवर झोपून, उजव्या काखेत घडी घातलेला टॉवेल ठेवून, एक किलोचं डंबेल पोटाजवळून वर उचलणं. पंधरा वेळा, तीन फेऱ्या. वर न्यायला एक सेकंद आणि खाली आणायला तीन, कारण या स्नायूंचं मैदानावरचं कामच मुळात रोखून धरण्याचं आहे. तिसरी, पुश-अपच्या वरच्या टोकाला पोचल्यावर आणखी इंचभर जमिनीला ढकलून पाठ किंचित वर काढणं, म्हणजे पात्याला बरगड्यांवर धरून ठेवणारा स्नायू जागा होतो.

चौथी गोष्ट खुब्याची. जमिनीवर बसायचं, पुढचा पाय काटकोनात समोर, मागचा काटकोनात बाजूला. मागचा पाय डावा ठेवला की त्या खुब्याला आतला फिराव मिळतो. मग हात मागे टेकून दोन्ही गुडघे वायपरसारखे एका बाजूकडून दुसरीकडे न्यायचे, सावकाश, दहा-दहा वेळा. पहिल्या दिवशी माझा डावा गुडघा जमिनीपासून वीतभर वर लटकत होता. वहिनींचा एक इशारा इथे महत्त्वाचा आहे. जांघेत पुढच्या बाजूला टोचलं तर तिथून पुढे जबरदस्ती करायची नाही. तिथे हाडाला हाड भिडत असू शकतं, आणि हाड ताणून लांबत नाही.

जुलै लागला आणि खऱ्या तयारीला सुरुवात झाली. हाताशी बारा आठवडे होते, कारण आमच्याकडे पाऊस उघडून मैदानं वाळली की ऑक्टोबरपासून सामने सुरू होतात.

बर्डीवरून तीन किलोचा रबरी मेडिसिन बॉल आणला. दुकानात पाच किलोचाही होता आणि माझा हात आधी त्याच्याकडेच गेला होता. पण बॉल जड झाला की फेक संपते आणि ढकलणं सुरू होतं. आपल्याला ताकद हवी आहे ती झपकन सुटणारी, आणि ती हलक्या बॉलवरच शिकता येते. आमच्या इमारतीच्या मागची कंपाउंड भिंत पक्की आहे. तिच्यापासून दीड मीटरवर आडवं उभं राहायचं, बॉल मागच्या खुब्याजवळ दोन्ही हातांनी धरायचा आणि फावड्याने माती फेकावी तसा भिंतीवर फेकायचा. एका बाजूने पाच, दुसऱ्या बाजूने पाच, मग दीड मिनिट विश्रांती, अशा तीन ते चार फेऱ्या. आठवड्यातून दोनदा, नेहमी अंग गरम झाल्यावर आणि वजनं उचलण्याच्या आधी. दमलेल्या अंगाने फेकलेला बॉल अंगाला संथपणाच शिकवतो.

पहिल्या दोन आठवड्यांत मी इथे एक चूक केली. पावलं जमिनीला खिळवून फक्त कंबर फिरवत होतो, रशियन ट्विस्टची सवय. तिसऱ्या सत्रानंतर दुसऱ्या दिवशी कंबर ताठली. कंबरेचे पाच मणके वाकायला चांगले, पण पीळ घ्यायला त्यांची घडणच नाही. पाचही मिळून एका बाजूला जेमतेम दहा-बारा अंश फिरतात. फिरायचं काम खालच्या खुब्यांचं आणि वरच्या, बरगड्या जिथे जोडल्या आहेत त्या पाठीचं. मुलाला मोबाइलवर चित्रण करायला सांगितलं तेव्हा दिसलं की फेक झाल्यावरही माझी मागची टाच जमिनीलाच आहे. ती टाच उचलली गेली पाहिजे, मागचा पाय चवड्यावर फिरून बेंबी भिंतीकडे झाली पाहिजे, आणि पुढचा पाय खिळ्यासारखा घट्ट. पुढचा गुडघा भिंतीकडे वाहत गेला तर वेग त्याच्याबरोबर वाहून जातो. हे सुधारल्यावर भिंतीवरचा आवाजच बदलला. आधी ‘धप्प’ होता, मग ‘फट्’ झाला. पुढे मी फेऱ्या मोजायच्या सोडून आवाज ऐकू लागलो. तो बोथट झाला की त्या दिवसाची फेक संपली.

मोजमाप म्हणून दर चार आठवड्यांनी मोकळ्या मैदानावर तोच बॉल आडवा फेकून टेपने अंतर घेतलं. जुलैत उजवीकडून ७.६ मीटर, डावीकडून ६.४. सप्टेंबरअखेर ९.१ आणि ८.२. आकड्यांपेक्षा मला दोन बाजूंमधला फरक कमी झाला याचा आनंद जास्त झाला. फलंदाजी मी उजव्या हाताने करतो, आणि पुलच्या फटक्यातही अंग तसंच डावीकडे फिरतं. डावा खुबा मोकळा होताच, कुणी न शिकवता, पुल मारताना माझा तोल मागे जायचा थांबला.

आता धावण्याबद्दल, कारण इथे आपल्याकडे सर्वात मोठा गैरसमज आहे. दम लागला म्हणजे व्यायाम झाला असं आपण मानतो. क्रिकेटमध्ये धाव म्हणजे एका क्रीजपासून दुसऱ्या क्रीजपर्यंत १७.६८ मीटर. स्टंप ते स्टंप अंतर २०.१२ मीटर, त्यातून दोन्हीकडचे १.२२ मीटर वजा. साडेतीन सेकंदांचं काम, आणि ते सगळं जागेवरून वेग घेण्याचं. अंबाझरीला पाच किलोमीटर संथ धावण्याने माझी छाती चांगली झाली असेल, पण जागेवरून सुटायला पाय शिकले नव्हते.

जुलै-ऑगस्टमध्ये मैदानावर धावायची सोय नसते. आपली काळी माती बुटाला अशी चिकटते की प्रत्येक पाऊल जड होतं. मी सेमिनरी हिल्सला पहाटे साडेपाचला जाऊ लागलो. तिथे सौम्य चढाचा डांबरी तुकडा निवडला, पाऊस पडून गेलेला असला की ओल्या पानांमुळे त्या दिवशी टाळला. चढाचे दोन फायदे. अंग आपोआप पुढे झुकतं आणि पाय मागे ढकलायला शिकतो, आणि वेग फार वाढत नसल्याने मांडीच्या मागच्या स्नायूला, हॅमस्ट्रिंगला, धोका कमी. दहा मीटरच्या सहा धावा, पूर्ण जोराने. आणि प्रत्येक धावेनंतर दीड मिनिट नुसतं चालत खाली येऊन उभं राहणं. एकूण साठ मीटर! पहिल्या दिवशी घरी परतताना आपण काहीच केलं नाही असं वाटत होतं. पण वेगाचा सराव ताज्या पायांनीच होतो. विश्रांती कापली की प्रत्येक धाव आधीच्यापेक्षा हळू होते, आणि पाय तेवढंच हळू धावणं पाठ करतात. ढोबळ हिशेब असा की दर दहा मीटर पूर्ण वेगाला मिनिटभर विश्रांती. सप्टेंबरमध्ये उघडीप मिळाल्यावर सपाट मैदानावर वीस मीटरच्या धावा जोडल्या. तरी एका सत्रात एकूण दोनशे मीटरच्या वर कधी गेलो नाही, आणि आठवड्यात सत्रं दोनच.

हॅमस्ट्रिंगसाठी घरी नॉर्डिक नावाचा एकच व्यायाम. पावलं दिवाणाखाली अडकवायची, गुडघ्याखाली उशी, आणि अंग सरळ ठेवून पुढच्या बाजूला जितकं सावकाश झुकता येईल तितकं झुकायचं, शेवटी हातांवर पडायचं. फुटबॉलपटूंवरच्या अभ्यासांत या एका व्यायामाने हॅमस्ट्रिंगच्या दुखापती जवळपास निम्म्यावर आल्या आहेत. पण सुरुवात अगदी थोडक्यात करावी लागते. पहिल्या आठवड्यात तीन-तीनच्या दोन फेऱ्या, एवढंच. मी पहिल्याच दिवशी दहा केल्या आणि चार दिवस जिना उतरताना कठडा धरत होतो. त्या आठवड्याचं धावणं बुडालं. दहाव्या आठवड्यापर्यंत पाच-पाचच्या तीन फेऱ्यांवर आलो.

वेग हाताच्या घड्याळाने मोजू नये. बटण दाबण्यातच पाव सेकंदाची चूक होऊ शकते आणि आपली सगळी प्रगती तेवढीच असते. मुलगा क्रीजच्या रेषेत बाजूला उभा राहून मोबाइलवर चित्रण करायचा, सेकंदाला साठ फ्रेम. माझी बॅट हलल्यापासून पलीकडच्या रेषेत टेकेपर्यंतच्या फ्रेम तो घरी बसून मोजायचा. जुलैत २१३ फ्रेम, सप्टेंबरअखेर २००. तेरा फ्रेम म्हणजे पाव सेकंदापेक्षाही थोडं कमी. पण त्या क्षणी मी ज्या वेगात असतो त्याने हे जवळपास दीड बॅटीचं अंतर होतं, आणि धावबादचा निर्णय याहून कमी अंतरावर लागतो.

दोन धावांमध्ये मात्र वेगापेक्षा वळण महाग पडतं. मी क्रीजमध्ये उभाच्या उभा जाऊन वळत होतो. खरं तर बॅट लांब सरकवली तर अंग क्रीजच्या मीटरभर अलीकडेच थांबू शकतं, म्हणजे जाताना मीटर वाचतो आणि येतानाही. त्यासाठी शेवटची तीन पावलं आखूड करून बसकं व्हावं लागतं आणि बाहेरच्या पायावर सगळं वजन झेलावं लागतं. हे झेलणं पुन्हा ब्रेकचंच काम आहे. जिममध्ये शोल्डर प्रेसची जागा मी एका पायाच्या स्क्वॉटला दिली, मागचं पाऊल बाकावर ठेवून, तीन सेकंद खाली, एक सेकंद वर, दोन्ही हातांत आठ-आठ किलो घेऊन सुरुवात केली. वळण दोन्ही बाजूंनी शिकावं लागतं, कारण चेंडू ज्या बाजूला आहे तिकडे तोंड करूनच वळायचं असतं आणि बॅटही त्याप्रमाणे हातात बदलावी लागते.

थ्रोला मी सर्वात शेवटी हात लावला. ऑस्ट्रेलियातल्या अव्वल क्रिकेटपटूंवर झालेल्या एका अभ्यासात आठवड्याला ७५ हून जास्त थ्रो मारणाऱ्यांमध्ये दुखापतीचा धोका बराच वाढलेला दिसला होता. ते रोज फेकणारे व्यावसायिक, आणि मी महिन्याच्या खंडानंतर एका संध्याकाळी साठ मारले होते. आता ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पंधरा मीटरवरून वीस थ्रो, अर्ध्या जोराने, आठवड्यातून दोनदा. पुढच्या आठवड्यात अंतर वाढवलं तर संख्या तीच, संख्या वाढवली तर जोर तोच. तिन्ही एकदम कधीच नाही. सप्टेंबरच्या शेवटी चाळीस मीटरवरून तीस थ्रो, त्यातले फक्त दहा पूर्ण जोराचे. दुखण्याचा नियम वहिनींनी सोपा करून दिला होता. दहापैकी तीनपर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते उरता कामा नये. एकदा उरलं, पाचव्या आठवड्यात. मी एक आठवडा मागच्या अंतरावर गेलो आणि पुन्हा वर आलो.

प्रत्येक थ्रोच्या वेळी मी खांद्याचा विचार करतच नव्हतो. डावं पाऊल लक्ष्याकडे पडतंय का आणि उजवी टाच उचलून पूर्ण फिरतेय का, एवढंच पाहत होतो. याचा परिणाम विलक्षण होता. जोर कमी लावूनही चेंडू जास्त सपाट जाऊ लागला.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी सकाळी सामन्याआधी वहिनींनी पुन्हा मोजलं. डावा खुबा १८ वरून २८. उजव्या खांद्याचा आतला फिराव ३८ वरून ४९, बेरीज १५०. डाव्याच्या १५२ शी जवळपास जुळली. त्यांनी वहीत आकडे लिहिले आणि सांगितलं, “आता हंगाम सुरू झाला म्हणून सोडू नका भाऊजी. दर सोमवारी मोजायचं. सामन्यात फेकलं की ते पुन्हा आखडणार.” आणि तसंच होतं. रविवारी पंधरा-वीस थ्रो झाले की सोमवारी पाच-सहा अंश गेलेले असतात, आणि आडव्या हाताच्या ताणाने बुधवारपर्यंत परत येतात. ते बुधवारीही आले नाहीत तर पुढच्या रविवारी मी कर्णधाराला सांगून सर्कलच्या आत उभा राहतो.

दिवाळीनंतरच्या एका सामन्यात मी पुन्हा डीप मिडविकेटला होतो. तसाच चेंडू, तसाच उजवीकडून. अडवला, दोन पावलं टाकली, डावा पाय रोवला आणि फेकला. एक टप्पा, कीपरच्या हातात, स्टंपच्या जरा वर. फलंदाज दुसऱ्या धावेसाठी निम्म्या वाटेवरून परत फिरला होता, त्यामुळे बाद कुणीच झालं नाही. षटक संपल्यावर कीपर माझ्याकडे चालत आला आणि ग्लोव्ह काढून हात चोळत म्हणाला, “हळू फेक न बावा. घरी जाऊन तिलाच सांगतो मी, का याचा पाय काऊन मोकळा केला म्हणून.”

त्या दिवशी तर्री-पोहे खाताना मुलाने मोबाइल पुढे केला. डावीकडे वळताना मला अजूनही उजवीकडच्यापेक्षा पाच फ्रेम जास्त लागतात. बाहेरचं पाऊल, म्हणजे उजवं, रोवताना सरकतं आहे, हे त्याने चित्र थांबवून दाखवलं. बुटाचे खिळे झिजले आहेत की उजव्या मांडीत झेलण्याची ताकद कमी आहे, हे बुधवारी नवे खिळे लावून पुन्हा दहा वळणं घेतल्यावर कळेल.